रिकाम्या जागेचं काम

‘____ पोराने काच फोडली, ____ बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं.’

मराठी घरात वाढलेल्या माणसाला या दोन जागा भरायला क्षणभरही लागत नाही. पहिली ‘ज्या’, दुसरी ‘त्याला’. पण हे त्याला कशावरून कळलं? काच फोडणारा कोण, बाई कोणत्या, शाळा कुठली, यातलं काहीच त्याला ठाऊक नाही. किंबहुना वाक्यातले अर्थाचे शब्द काढून तिथे निरर्थक शब्द घातले, ‘____ झिंपाट्याने कुरमुंडी फोडली, ____ बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं’ असं केलं, तरी उत्तरं तीच येतात. एका वाक्यात ‘फोडली’ आणि ‘उभं केलं’ अशी दोन क्रियापदं आहेत, त्यांना जोडणारं काही दिसत नाही, म्हणजे जोडी जुळवणारे शब्द गाळलेले आहेत. शिवाय उभं कुणाला केलं हे कुठेच आलेलं नाही, म्हणून दुसऱ्या जागी नुसतं ‘तो’ चालत नाही, ‘त्याला’च लागतं.

आपल्या भाषेत हा हिशेब डोक्यात आपोआप होतो. परक्या भाषेत तो जाणीवपूर्वक करावा लागतो, आणि तो करता येतो का हे पाहणारा एक प्रश्नप्रकार इंग्रजीच्या वरच्या पातळीच्या परीक्षांमध्ये ठाण मांडून बसला आहे. त्याला ‘ओपन क्लोझ’ म्हणतात. एक छोटा उतारा, त्यात गाळलेल्या जागा, आणि खाली पर्याय एकही नाही. अ, ब, क, ड नाही, कंसात दिलेले शब्द नाहीत. प्रत्येक जागी एकच शब्द लिहायचा, तोही अचूक स्पेलिंगसह.

आपल्याकडच्या शाळेतल्या ‘गाळलेल्या जागा भरा’शी याची गल्लत होऊ शकते, पण दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा आहे. ‘शिवाजी महाराजांचा जन्म ____ किल्ल्यावर झाला’ हा प्रश्न इतिहास विचारतो. शिवनेरी माहीत असेल तर जागा भरते, नसेल तर कितीही व्याकरण येऊन उपयोग नाही. ओपन क्लोझमध्ये नेमकं उलट असतं. तिथे किल्ल्याचं नाव छापलेलं असतं आणि ‘वर’ गाळलेलं असतं.

या प्रकाराची सगळ्यांत परिचित जागा म्हणजे केंब्रिजची ‘सी-1 ॲडव्हान्स्ड’ ही परीक्षा. 1991 साली ती सुरू झाली. जुने शिक्षक आजही तिला ‘सीएई’ म्हणतात. तिच्या वाचन आणि भाषावापराच्या पेपरला 90 मिनिटं असतात आणि त्यात 56 प्रश्न असतात. दुसरा भाग ओपन क्लोझचा: साधारण दीडशे शब्दांचा उतारा, आठ जागा, आठ गुण. पूर्वी या परीक्षेत अशा पंधरा जागा असत. 2015 मध्ये वाचन आणि भाषावापर हे दोन पेपर एकत्र झाले तेव्हा त्या आठवर आल्या. खालच्या ‘बी-2 फर्स्ट’ आणि वरच्या ‘सी-2 प्रोफिशियन्सी’ या परीक्षांमध्येही हा प्रकार आहे. आपल्याकडे परदेशी शिक्षणासाठी जी आयईएल्टीएस जास्त दिली जाते तिच्यात मात्र तो नाही. तिथल्या रिकाम्या जागा उताऱ्यातून किंवा दिलेल्या यादीतून शब्द उचलून भरायच्या असतात. त्यामुळे आयईएल्टीएसची तयारी करून इकडे वळलेला विद्यार्थी पहिल्या सरावात बराच गोंधळतो. उचलायला शब्दच नसतात.

वाक्यातले शब्द गाळून माणसाची भाषा किंवा बुद्धी मोजण्याची कल्पना जुनी आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1897 मध्ये शाळकरी मुलांसाठी अशी चाचणी वापरली होती. आजच्या रूपाचं श्रेय मात्र अमेरिकेतल्या विल्सन टेलर यांना जातं. 1953 साली त्यांनी ही पद्धत मांडली ती परीक्षेसाठी नव्हेच. एखादा मजकूर वाचायला किती सोपा किंवा अवघड आहे हे त्यांना मोजायचं होतं. तोवर त्यासाठी वाक्यांची लांबी आणि शब्दांचा सोपेपणा मोजणारी सूत्रं वापरली जात. टेलर यांनी मजकुरातला दर ठरावीक शब्द डोळे मिटून गाळला आणि वाचकांना तो भरायला लावला. जितक्या जास्त जागा बरोबर भरल्या जातील तितका मजकूर सोपा. गर्ट्रूड स्टाइन या लेखिकेच्या गद्यावर तर सूत्रं पार फसली. तिचे शब्द लहान आणि रोजचे, म्हणून सूत्रांनी तिला सोपं ठरवलं होतं. जागा भरायला बसलेल्या वाचकांची मात्र दमछाक झाली.

पुढे हीच युक्ती उलटी फिरवली गेली. मजकूर ठरलेला आहे, मग जागा भरणाऱ्या माणसाची भाषाच का मोजू नये? 1970 च्या दशकात परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी ही चाचणी फार लोकप्रिय झाली. पण दर ठरावीक शब्द गाळण्यात एक खोट होती. मोजणी कुठून सुरू केली यावर कधी ‘ऑफ’ गळायचा, कधी ‘1857’, कधी एखाद्या गावाचं नाव. ब्रिटिश भाषातज्ज्ञ चार्ल्स ऑल्डरसन यांनी 1979 मध्ये दाखवलं की किती शब्दांमागे एक गाळायचा हे बदललं की त्याच उताऱ्यातून वेगळीच चाचणी तयार होते. तेव्हा आंधळी मोजणी सोडून, नेमकं काय तपासायचं ते आधी ठरवून शब्द हाताने निवडण्याची पद्धत रुजली. केंब्रिजचे आठ शब्द असे निवडलेले असतात.

निवडताना त्यांचा कल उघड दिसतो. गाळलेले शब्द बहुतेक वेळा लहान, रोजचे आणि स्वतःचा फारसा अर्थ नसलेले असतात: आर्टिकल, प्रीपोझिशन, साहाय्यक क्रियापद, सर्वनाम, वाक्यं जोडणारे शब्द, आणि ठरलेल्या वाक्प्रयोगांतले तुकडे. ‘सेरेंडिपिटी’सारखा भारदस्त शब्द गाळलेला शोधून सापडायचा नाही. म्हणून ज्याच्या मनात अवघड शब्द येतो त्याने समजावं की वाट चुकली.

हे सगळं एका उताऱ्यावर चालवून पाहिलं तरच कळेल. खालचा उतारा परीक्षेतला नाही. या लेखापुरता, पण परीक्षेच्या धाटणीने रचलेला आहे. विषय आपल्या ओळखीचा घेतला आहे, 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, एकेक करून.

पहिलं वाक्य: ‘इट वॉज ____ अन्टिल 1853 दॅट इंडिया सॉ इट्स फर्स्ट पॅसेंजर ट्रेन.’

घाईत वाचणाऱ्याच्या मनात ‘ओन्ली’ येतं, कारण आशय ‘1853 मध्येच कुठे पहिली गाडी आली’ असा आहे. आशय बरोबर ओळखला, शब्द चुकला. उजवीकडे ‘अन्टिल’ उभा आहे. ‘ओन्ली’ला पुढे ‘इन’ लागला असता. ‘अन्टिल’ असेल तर ‘तोवर नाही’ असा नकार आधी यावा लागतो. उत्तर ‘नॉट’. इथे शब्द सांगणारी खूण जागेला खेटून आहे, म्हणून ही सोप्यांतली.

दुसरं: ‘द ट्रेन लेफ्ट बोरीबंदर, ____ इट्स फोर्टीन कॅरिजेस फुल.’ स्वल्पविरामानंतर चौदा डबे भरलेले असल्याचं सांगितलं आहे, पण त्या तुकड्यात क्रियापद नाही. तिथे ‘अँड’ घातलं तर ‘वेअर’सारखं क्रियापद हवं होतं. क्रियापदाविना नुसती अवस्था चिकटवण्याचं काम इंग्रजीत ‘विथ’ करतो. ‘डबे भरलेल्या अवस्थेत’ असं मराठीत आपण जे सांगू, ते.

तिसऱ्या वाक्यात बरेचजण अडखळतात. ‘अँड ____ इट नॉट बीन फॉर द कॉटन ट्रेड, द लाइन माइट हॅव बीन बिल्ट मच लेटर.’ कापसाचा व्यापार नसता तर हा लोहमार्ग बराच उशिरा झाला असता, हा अर्थ कळतो. ‘तर’ आहे म्हणजे ‘जर’ हवा, म्हणून पेन ‘इफ’ लिहायला धावतं. पण ‘इफ’ घालून वाक्य पुन्हा वाचावं: ‘इफ इट नॉट बीन फॉर’. ‘बीन’ हा शब्द इंग्रजीत एकटा कधीच फिरत नाही. त्याच्या आधी ‘हॅव’, ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ असतोच. इथे तो कुठे आहे? कुठेच नाही. म्हणजे जागेला ‘जर’चं आणि साहाय्यक क्रियापदाचं अशी दोन्ही कामं एकाच शब्दात करायची आहेत. इंग्रजी त्यासाठी ‘इफ’ गाळून साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या पुढे आणून ठेवते. उत्तर ‘हॅड’. अशी उलटापालट मराठीत नाही. आपण ‘नसता तर’ म्हणून मोकळे होतो. सी-1च्या पातळीवर ही रचना वारंवार तपासली जाते, कारण ती नुसती ऐकून फारशी अंगवळणी पडत नाही, ती छापील इंग्रजीत भेटते.

यातली तपासणी लक्षात घेण्याजोगी आहे. ‘इफ’ अर्थाने बसत होता. तो चुकीचा आहे हे अर्थाने नव्हे, ‘बीन’ने सांगितलं. जागेसाठी शब्द सुचला की तो घालून आधीच्या पूर्णविरामापासून पुढच्या पूर्णविरामापर्यंत वाचायचं आणि प्रत्येक क्रियापदाला त्याचा कर्ता आणि त्याचा साहाय्यक मिळाला का पाहायचं. कुणी उपाशी राहिलं असेल तर सुचलेला शब्द चूक.

चौथं वाक्य याच हिशेबाचं: ‘द क्राउड इन्क्लुडेड पीपल ____ व्हिलेजेस वेअर नोव्हेअर निअर द ट्रॅक.’ क्रियापदं दोन, ‘इन्क्लुडेड’ आणि ‘वेअर’. जोडणारा शब्द नाही, म्हणजे जागा जोडण्याचं काम करते. माणसांबद्दल बोलणं चाललंय म्हणून ‘हू’ सुचतो. पण ‘हू’ आला तर तोच ‘वेअर’चा कर्ता होऊ पाहतो, आणि मध्ये ‘व्हिलेजेस’ बिनकामाचा लटकतो. ‘वेअर’चा कर्ता गावं आहेत. गावं कुणाची? त्या लोकांची. जोडणं आणि मालकी सांगणं, दोन्ही करणारा इंग्रजी शब्द एकच, ‘हूज’. मराठी वाचकाला हा फरक पटकन पटतो, कारण आपण ‘जे’ आणि ‘ज्यांची’ यांत गल्लत करत नाही. ‘जे गावं रुळांपासून लांब होती’ असं कुणी म्हणणार नाही. इथे मातृभाषा मदतीला येते.

पाचवीला मात्र व्याकरण एकटं पुरत नाही. ‘मेनी हॅड कम आउट ऑफ क्युरिऑसिटी, अँड ____ ऑफ देम हॅड एनी इन्टेन्शन ऑफ बाइंग अ तिकीट.’ जागेनंतर ‘ऑफ देम’, म्हणजे संख्या सांगणारा शब्द हवा. सम, मोस्ट, ऑल, मेनी, फ्यू, नन, सगळे रांगेत उभे राहतात आणि रचनेच्या दृष्टीने सगळे बसतात. निवाडा करतो तो जागेपासून थोडा लांब बसलेला ‘एनी’. साध्या होकारार्थी विधानात ‘एनी इन्टेन्शन’ येत नाही. त्याला नकार किंवा नकारासारखं काहीतरी लागतं. मग रांगेतले चौघे गळतात आणि उरतात ‘फ्यू’ आणि ‘नन’. दोन्ही बरोबर. अधिकृत उत्तरसूचीत अशा वेळी तिरकी रेघ मारून दोन्ही शब्द दिलेले असतात. उत्तरपत्रिकेत मात्र एकच लिहायचा. सूचना ‘एक शब्द’ अशी आहे, आणि दोन्ही लिहून हुशारी दाखवणारा ती मोडतो.

मराठीत हेच पाहायचं तर ‘पाऊस थांबला, ____ सामना सुरू झाला नाही’ हे वाक्य घ्यावं. ‘नाही’पर्यंत न पोचता जागा भरली तर ‘आणि’, ‘म्हणून’ काहीही चालेलसं वाटतं. शेवटचा ‘नाही’ आला की ‘तरी’ किंवा ‘पण’ लागतो. नुसतं डावीकडचं वाचून जागा भरणं ही ओपन क्लोझमधली सगळ्यांत महागडी सवय आहे. जोडणाऱ्या शब्दांच्या बाबतीत तर कधीकधी पुढचं अख्खं वाक्य वाचल्याशिवाय ‘ऑल्दो’ आणि ‘बिकॉज’ यांतला फरक कळत नाही. म्हणूनच अनुभवी शिक्षक जागांकडे न बघता आधी शीर्षक आणि संपूर्ण उतारा वाचायला लावतात. उतारा जेमतेम दीडशे शब्दांचा. त्याला मिनिटभर पुरतं.

सहावी जागा मराठी माणसाची खास परीक्षा पाहते. ‘द रेल्वे मेड ____ पॉसिबल टु रीच ठाणे इन अ फ्रॅक्शन ऑफ द टाइम.’ रेल्वेमुळे ठाण्याला थोडक्या वेळात पोचणं शक्य झालं. मराठीत या वाक्यात कसलीच उणीव जाणवत नाही, म्हणून जागा कशासाठी ठेवली आहे हेच कळत नाही. इंग्रजीत ‘मेड’ला लगोलग कर्म लागतं. खरं कर्म ‘ठाण्याला पोचणं’ हे आहे, पण ते लांबलचक असल्याने मागे ढकललं आहे आणि पुढची जागा धरून ठेवायला एक पोकळ शब्द बसवला आहे, ‘इट’. या ‘इट’ला अर्थ नाही, नुसतं काम आहे. अर्थ शोधणारा इथे ‘धिस’ लिहितो किंवा जागा कोरी सोडतो.

सातवी: ‘____ हॅड वन्स बीन अ वंडर वॉज सून टेकन फॉर ग्रँटेड.’ सुरुवातीलाच जागा, आणि मोठ्या अक्षराने. मनात येतं ‘इट’ किंवा ‘धिस’. पण क्रियापदं मोजा: ‘हॅड बीन’ आणि ‘वॉज टेकन’. ‘इट हॅड वन्स बीन अ वंडर’ इथे एक वाक्य संपतं, मग ‘वॉज टेकन’ कुणाचं? म्हणजे पहिलं सगळं वाक्यच दुसऱ्याचा कर्ता झालं आहे. ‘जे एकेकाळी नवल होतं ते लवकरच अंगवळणी पडलं.’ मराठीतले ‘जे’ आणि ‘ते’ दोघांचं काम इंग्रजीत एकटा ‘व्हॉट’ करतो. ‘जे’ म्हणजे ‘व्हिच’ असं पाठ केलेलं असतं, म्हणून ‘व्हिच’ लिहिणारे पुष्कळ सापडतात. पण ‘व्हिच’ला मागे धरायला एखादं नाम लागतं, आणि वाक्याच्या तोंडाशी मागे कुणीच नसतं.

शेवटची दिसायला किरकोळ आहे. ‘विदिन ____ फ्यू यिअर्स द लाइन हॅड गॉन फार बियाँड ठाणे.’ उत्तर ‘अ’. ‘विदिन फ्यू यिअर्स’ हे भारतीय इंग्रजीत इतकं कानावर पडतं की इथे काही गाळलं आहे यावरच विश्वास बसत नाही. पण नुसता ‘फ्यू’ म्हणजे ‘जवळजवळ नाहीतच’ आणि ‘अ फ्यू’ म्हणजे ‘थोडी, पण आहेत’. पाचव्या जागेत ‘फ्यू’ नकाराचं काम करू शकला तो मागे ‘अ’ नव्हता म्हणून.

आर्टिकलची जागा मराठी विद्यार्थ्यांना छळते, कारण आपल्या भाषेत तसा शब्दच नाही. एकवचनी, मोजता येणारं नाम इंग्रजीत उघडंबोडकं सहसा फिरत नाही, त्याच्या पुढे ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘इच’ असं काहीतरी लागतं. तेव्हा जागेनंतर असं नाम दिसलं आणि त्याच्या पुढे असला कुठलाच शब्द नसला, तर आधी हीच शंका घ्यावी.

प्रीपोझिशनची अडचण वेगळी. तिथे आपण रिकामे नसतो, उलट चुकीच्या सवयींनी भरलेले असतो. ‘चर्चा कशाबद्दल’ या मराठी वळणाने ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ येतो, ‘इन स्पाइट ऑफ’च्या ओढीने ‘डिस्पाइट’नंतर ‘ऑफ’ चिकटतो. भारतात इंग्रजी बोलताना हे कुणाला खटकत नाही. परीक्षेत मात्र ‘कानाला बरं वाटतं’ या कसोटीवर विसंबणारा इथे गुण घालवतो. ‘टेकन फॉर ग्रँटेड’मधला ‘फॉर’सुद्धा कुठल्याही नियमातून काढता येत नाही, तो वाक्प्रयोगच तसा आहे. व्याकरणाच्या हिशेबाने सगळ्या जागा भरतात असं म्हणणं म्हणूनच खरं नाही. काही जागांना निव्वळ वाचनाची पुंजी लागते, आणि सी-2 प्रोफिशियन्सीच्या उताऱ्यांत अशा जागांचं प्रमाण वाढतं.

सराव करणाऱ्याने किती जागा चुकल्या यापेक्षा कुठल्या कामाच्या जागा चुकल्या याची नोंद ठेवली तर चित्र लवकर स्पष्ट होतं. सरावाचं साहित्य विकतच घ्यायला हवं असंही नाही. इंग्रजी वृत्तपत्रातला एक परिच्छेद वहीत उतरवायचा, त्यातले आठ कामाचे शब्द गाळायचे आणि आठवड्याभराने, मूळ विसरल्यावर, भरायला बसायचं. चुकांपुढे ‘आर्टिकल’, ‘जोडणारा’, ‘साहाय्यक’, ‘पोकळ इट’ असं लिहीत गेलं की पाच-सहा परिच्छेदांत एखादाच रकाना फुगलेला दिसतो. एखाद्याचे आर्टिकल सोडून सगळं बरोबर येतं, तर एखाद्याला उलटापालटीची वाक्यंच दिसत नाहीत. हा सराव करताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते: स्वतः शब्द गाळणं भरण्यापेक्षा अवघड आहे. कारण बरेचदा मूळ शब्दाइतकाच दुसराही चपखल बसतो.

प्रश्न रचणाऱ्यांचीही खरी डोकेदुखी हीच. वरच्या उताऱ्यातलं दुसरं वाक्य आधी वेगळं रचलं होतं: ‘फोर्टीन कॅरिजेस, ____ अबाउट फोर हंड्रेड पॅसेंजर्स ऑन बोर्ड, लेफ्ट बोरीबंदर.’ अपेक्षित उत्तर ‘विथ’. पण तिथे ‘कॅरिइंग’ही व्याकरणाने आणि अर्थाने बसतो, आणि तो लिहिणाऱ्याला चूक म्हणता येत नाही. मोठ्या परीक्षांमध्ये असे उतारे प्रत्यक्ष पेपरात येण्याआधी विद्यार्थ्यांच्या गटांवर चालवून पाहतात, ते याचसाठी. चाचणीत लोक काय काय लिहितात ते पाहून एकतर उत्तरसूचीत दुसरा शब्द वाढवतात किंवा वाक्यच बदलतात. इथे दुसरा मार्ग घेतला. प्रवाशांचा आकडा काढला आणि त्या जागी ‘इट्स फोर्टीन कॅरिजेस फुल’ आणलं. गाडी आपलेच डबे ‘कॅरी’ करते असं इंग्रजीत कुणी म्हणत नाही, त्यामुळे ‘कॅरिइंग’ बाद झाला. बदल्यात त्या वाक्यातून चारशे प्रवासी उतरवावे लागले.